बाप्पा बसले पाटावर, मोदक यंदा काकांवर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'सणातली भाषा' असा विषय दिला. आरत्यांवर लिहिणारे जाणकार बरेच आहेत, म्हणून मी लोकांचे फोन बघायला निघालो. २७ ऑगस्ट २०२५, बुधवार, गणेश चतुर्थी. छत्रपती संभाजीनगरातल्या काही ओळखीच्या घरांना मी आधीच विनंती करून ठेवली होती, की त्या दिवशी तुमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जे येईल ते पुसू नका, मला दाखवा. लोकांनी आनंदाने दाखवलं. एका बाईंनी फोन हातात देताना हताश होऊन म्हटलं, "बघा, पहाटपासून नुसते फोटो पाठवू राहिले लोक. कोणी कोणाचं वाचत नाही."

त्यांचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं निघालं. चित्र, चित्रावर सोनेरी अक्षरं, खाली लुकलुकणाऱ्या समया. त्याखाली दुसऱ्याने पाठवलेलं तेच चित्र. मग हार्दिक शुभेच्छांचा परिच्छेद आणि त्याच्या तळाशी भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो. या सगळ्याखाली कोणी काही लिहिलेलं नव्हतं. मात्र जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर एखादी जागा अशी सापडली, जिथे अचानक वर्दळ होती. हसण्याच्या चिन्हांची रांग, "काकू, तोड नाही", "आत्या, आता तुमचं उत्तर येऊ द्या". वर सरकून पाहिलं की तिथे हमखास दोन ओळी असत. घरातल्याच कोणीतरी त्या घरासाठी जुळवलेल्या, यमकातल्या. या लेखात मी त्या दोन ओळींच्याच मागे लागलो आहे.

विहिरीच्या गावाला समुद्राची शुभेच्छा

तयार शुभेच्छा कुठून निघते ते सांगता येत नाही, पण ती इथली नाही हे चटकन ओळखू येतं. विसर्जनाच्या चित्रात लाटा असतात, होड्या असतात. आमच्या गावाला समुद्र नाही आणि धड नदीही नाही. घरचे गणपती जिल्हा परिषदेच्या मैदानातल्या विहिरीत किंवा सिडकोत एन-१२च्या विहिरीत जातात. चित्रातले मोदक उकडीचे, केळीच्या पानावर मांडलेले. इथल्या बहुतेक घरांत मोदक तळणीचे, आत खोबरं नि गूळ. आणि सगळ्यात मोठी चूक गौरींची. कोकणातून आलेल्या शुभेच्छेत तेरड्याची रोपं घेऊन गौर येते. मराठवाड्यात ज्येष्ठा आणि कनिष्ठा जोडीने येतात, मुखवट्यांच्या, साड्या नेसवलेल्या, आणि त्यांना आपण महालक्ष्म्या म्हणतो. 'गौराई आली' असं वाचून आमच्याकडची बाई नाराज होत नाही. ते आपल्यासाठी लिहिलेलं नाही एवढं तिला कळतं, आणि ती पुढे सरकते.

अशा मजकुराला व्हॉट्सअॅपनेही वेसण घातलेली आहे. जुलै २०१८ पासून भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येतो आणि त्यावर तो पुढे ढकललेला असल्याची खूण येते. पाच किंवा जास्त हातांतून फिरून आलेल्या मजकुरावर दुहेरी बाण दिसतो, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. हे नियम आले अफवांमुळे, पण सणाच्या शुभेच्छेवर त्यांचा परिणाम गमतीचा झाला. दुहेरी बाण दिसला की घरातली मंडळी मजकूर न वाचताच ओळखतात, की हे आपल्यासाठी नाही. काही हुशार लोक पुढे पाठवण्याऐवजी मजकूर नकलून चिकटवतात, मग खूण येत नाही. तीही युक्ती फार दिवस टिकत नाही, कारण चुलत भावाने तोच मजकूर तासाभरापूर्वी टाकलेला असतो.

फोनवर जागा किती असते

घरचा ग्रुप गजबजलेला असेल तर शुभेच्छा उघडून वाचली जाण्याआधी ती यादीत दिसते. तिथे आधी ग्रुपचं नाव, मग पाठवणाऱ्याचं नाव, मग मजकुराचे जेमतेम चार-पाच शब्द. ओळ मोडून लिहिलेली असली तरी यादीत ती मोडत नाही, शब्द एकामागे एक येतात आणि शेपूट तुटतं. त्यामुळे ज्याने 'गणेश चतुर्थीच्या आपणा सर्वांना' अशी सुरुवात केली त्याचा मजकूर उघडायचं कोणाला कारणच उरत नाही. पुढे काय असणार ते सगळ्यांना ठाऊक. 'मोदक यंदा' असं दिसलं की मात्र बोट थांबतं. यंदा काय?

थोडक्यात लिहिण्याची सक्ती नवी नाही. एसएमएसच्या काळात इंग्रजी लिपीत १६० अक्षरं मावत आणि देवनागरीत फक्त ७० खुणा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकाची वेगळी मोजणी. म्हणून लोक मराठी शुभेच्छा रोमन लिपीत लिहीत, आणि सणाच्या दिवशी फुकट एसएमएसच्या सवलती बंद असल्यामुळे एकेक जपून पाठवत. आता जागेची मर्यादा उरली नाही. मर्यादा आहे ती वाचणाऱ्याच्या वेळेची, आणि चतुर्थीच्या सकाळी ती फार कडक असते. पूजा सांगायला गुरुजी येणार, नळाला पाणी आज आहे की उद्या याचा हिशेब, कढईत तेल तापलेलं. दोन ओळींपलीकडे कोणी जात नाही.

दोन ओळींचं गाव

दोन ओळींत मोठी गोष्ट बसवायची हौस या शहराला जुनी आहे. अठराव्या शतकातले सिराज औरंगाबादी इथलेच. दखनी आणि उर्दू शायरीचा कान शहराच्या जुन्या मोहल्ल्यांतून अजून गेलेला नाही. इथला मराठी माणूसही गप्पांत सहज शेर फेकतो. चाळीसेक मैल न होता पैठण येतं, आणि तिथे एकनाथांनी रोजच्या बोलीतले शब्द पदांत आणि भारुडांत बसवून दाखवले. पण घरातल्या बायकांची खरी तालीम झाली ती उखाण्यांत. लग्नात, डोहाळजेवणात, महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवात नाव घ्यायचा आग्रह होतो आणि दोन ओळी उभ्या जागी जुळवाव्या लागतात.

उखाण्यात एक सोय आहे. पहिल्या ओळीत काही सांगावं लागत नाही. ताट, वाटी, फूल, तारा, काहीही आणा, कारण ती ओळ फक्त यमकाची तयारी करते. सगळे दुसऱ्या ओळीतल्या नावाची वाट बघत असतात. ग्रुपवरच्या शुभेच्छेत ही सोय चालत नाही. पहिली ओळ पोकळ निघाली तर दुसरीपर्यंत कोणी येत नाही. पण उखाण्यातली एक गोष्ट जशीच्या तशी उचलण्यासारखी आहे. माणूस शेवटी येतो.

एन-सातच्या स्वयंपाकघरात

हे सगळं प्रत्यक्ष होताना मला सिडकोत, एन-७ भागातल्या एका घरात बघायला मिळालं. तिथल्या काकू शाळेत मराठी शिकवतात. त्यांच्या सासरचं कुटुंब मोठं. थोरल्या जाऊबाई बीड बायपासजवळ राहतात आणि गणपती त्यांच्याकडे बसतो. नणंद जालन्याला, पुतण्या पुण्यात, भाची जर्मनीत. सगळ्यांचा एक ग्रुप. दर चतुर्थीला काकूंच्या दोन ओळी येतात आणि आता लोक त्यांची वाट बघतात.

हरतालिकेच्या संध्याकाळी त्या उपवासाचं वरईचं पातेलं गॅसवर ठेवून किराणाच्या यादीच्या पाठीवर पेन्सिलीने खरडत होत्या. यंदाची बातमी ठरलेली होती. थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, उभं राहायला बंदी, त्यामुळे मोदक त्यांचे यजमान करणार होते. आयुष्यात त्यांनी चहापलीकडे काही केलेलं नाही.

पहिल्या दोन ओळी त्यांच्या हातून अशा उतरल्या:

गणरायाचे झाले आगमन
प्रसन्न झाले सर्वांचे मन

त्यांनी त्या लगेच खोडल्या. "हे कोणाच्याही घरी चालेल," त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरी चालणार नाही." मग बातमी सरळ घालून पाहिली. जाऊबाईंचा गुडघा, डॉक्टरांची बंदी, भाऊजींनी घातलेला मोदकांचा घाट, अशी ती ओळ लांबत कागदाच्या कडेपर्यंत गेली. तिथे त्यांनी एक महत्त्वाची काटछाट केली. गुडघा पूर्ण काढून टाकला. दुखणं सगळ्यांना माहीत आहे, सणाच्या सकाळी ते पुन्हा वाचायला कोणाला आवडेल? आणि जे माहीत आहे ते सांगण्यात ओळ खर्च होते. त्यावर नुसतं बोट ठेवलं की पुरतं.

तिसरा प्रयत्न ऐकायला बरा होता:

काकांनी केले मोदक छान
बाप्पांचा झाला मोठा मान

इथे दुसरी ओळ केवळ 'छान'ला जोडी हवी म्हणून आली आहे. बाप्पांचा मान मोठा झाला, याला काही अर्थ नाही. अशा भरतीच्या शब्दांना कवितेच्या शास्त्रात पादपूरण म्हणतात. शाळेत काकू ते मुलांच्या वहीत लाल शाईने अधोरेखित करतात. शिवाय मोदक छान झाले हे खरंही नव्हतं, ते अजून व्हायचेच होते.

मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी शेवटचा शब्द पक्का करायचा आणि त्याला जोडी शोधायची. शेवटी यायला हवेत ते मोदक करणारे. त्यांच्यासाठी ते 'भाऊजी', नणंदेसाठी 'दादा', पण ग्रुपवर पोरं जास्त आणि पोरांसाठी ते 'काका'. म्हणून शब्द 'काका' ठरला. काकांनी, काकांचे, काकांकडे अशी रूपं म्हणून पाहिली. 'काकांवर' म्हणताच त्या थांबल्या, कारण घरातलं काम कोणावर आलं हे आपण असंच सांगतो. भाजी तुझ्यावर, दिवाबत्ती माझ्यावर. आता 'आवर'ला जोडी. ओट्यावर, ताटावर, घाटावर, पाटावर. पाटावर बाप्पा बसतातच.

बाप्पा बसले पाटावर
मोदक यंदा काकांवर

वरईचं पातेलं उतू जायच्या आत काम झालं होतं.

या ओळी जिभेवर का बसतात

काकूंनी ते टेबलावर बोट आपटून दाखवलं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. 'बाप्पा' चार, 'बसले' चार, 'पाटावर' सहा. 'मोदक' चार, 'यंदा' चार, 'काकांवर' सहा. दोन्हीकडे चौदा, आणि नुसती बेरीज सारखी नाही, शब्दांच्या तुटण्याच्या जागाही सारख्या. त्यामुळे पहिली ओळ वाचून झाली की दुसरीची चाल आपोआप तोंडात तयार असते. माधव जूलियनांच्या 'छंदोरचना'त याचं सगळं शास्त्र सापडेल, पण घरगुती कामाला बोट पुरतं. काकूंनी मुद्दाम बिघडवूनही दाखवलं. 'बसले'च्या जागी 'विराजमान' घालून म्हणा. शब्द भारदस्त आहे, पण चाराच्या जागी सात मात्रा येतात आणि जीभ अडखळते. ग्रुपवरच्या निम्म्या यमकी शुभेच्छा इथेच पडतात. शेवट जुळलेला असतो, पण एक ओळ आखूड आणि दुसरी लांबलचक.

यमकाची गोष्ट आणखी बारीक आहे. मराठीत यमक फार स्वस्त मिळतं, कारण क्रियापद शेवटी येतं आणि क्रियापदांचे शेवट सारखे असतात. आला, झाला, गेला, केला. हे जुळलं तर कान दखलच घेत नाही. नाम नामाशी किंवा नाम माणसाच्या नावाशी जुळलं की ऐकणारा मान वर करतो. 'पाटावर' आणि 'काकांवर' यांत नुसतं 'वर' सारखं नाही, त्याच्या आधीचे दोन आकारही सारखे आहेत. 'ओट्यावर'ही चाललं असतं, पण तिथे ओकार आडवा येतो. माझ्याबरोबर आलेले एक स्नेही मुशायऱ्यांना हजेरी लावणारे. ते म्हणाले, "हा तर मतला झाला. 'वर' रदीफ, त्याआधी काफिया." काकूंना शेराचं व्याकरण नको होतं, पण त्या खूष दिसल्या.

मला स्वतःला वाटतं, की यमक शोधायला लागण्याआधी बातमी सापडलेली असली पाहिजे, आणि बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं. लोक 'बाप्पा'ला जोडी शोधत बसतात. 'बाप्पा' शेवटी ठेवला की 'गप्पा', 'टप्पा' आणि 'धप्पा' एवढेच हाती लागतात. दरवर्षी त्याच गप्पा.

कधी पाठवायचं

काकूंच्या ओळी आदल्या रात्रीच तयार होत्या, तरी त्यांनी सकाळी पाठवल्या नाहीत. पहाटे साडेपाच ते साडेआठ ही फोटोंच्या पुराची वेळ. त्यात टाकलेलं वाहून जातं. नऊनंतर गुरुजी, पूजा, आरती. त्या वेळी फोन हातात असतो तो फोटो काढायला. काकूंनी आरती आटोपून जेवणाची पानं मांडायच्या आधीची वेळ धरली, कारण त्या वेळी मोदक तळून झालेले असणार आणि काकांची फजिती ताजी असणार. जर्मनीतल्या भाचीचाही विचार त्यात होता. ऑगस्टात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असते. आपल्या पहाटे साडेसहाला पाठवलेलं तिला रात्री तीनला पोचतं आणि ती उठेपर्यंत ऐंशी फोटोंखाली दबतं. बारा-साडेबाराला पाठवलं तर तिच्याकडे सकाळचे साडेआठ-नऊ.

बीड बायपासच्या घरी तेव्हा काका कढईपाशी होते. पहिले मोदक तेलात फुटले होते. सारण बाहेर आलं, गूळ जळला आणि घरभर त्याचा वास. कळ्या नीट न दाबल्या की असं होतं. मग त्यांनी कळ्या पाडायचा नाद सोडला आणि गोळे वळून तळले. काकूंच्या ओळी आल्या तेव्हा थोरल्या जाऊबाईंनी खुर्चीत बसून त्या मोठ्याने वाचल्या. काकांनी हात पुसून फोन घेतला आणि थोड्या वेळाने, शाळा सुटल्यानंतर बहुधा पहिल्यांदाच, कविता केली:

कळ्या नाहीत, नुसते गोळे
बाप्पा, आता मिटाच डोळे

सोळा-सोळा मात्रा. 'मिटाच'मधला 'च' काढला तर एक कमी पडते. काकांना मात्रा मोजता येत नाहीत. कानाने बरोबर टाकला. त्याखाली मी ज्या वर्दळीबद्दल वर सांगितलं, ती उसळली. गोळ्यांचा फोटो मागण्यात आला. पुण्याच्या पुतण्याने मिठाईच्या दुकानातून आणलेल्या मोदकांचा फोटो टाकला आणि चौफेर शिव्या खाल्ल्या. जालन्याच्या आत्याने विचारलं, "दादा, सारणात वेलदोडा घातलास का?" शुभेच्छा पोस्टकार्ड होऊन न थांबता घरातलं बोलणं झाली, ती अशी.

जिथे पाय घसरतो

चार दिवसांनी, रविवारी ३१ ऑगस्टला, महालक्ष्म्या आल्या. उत्साहात आलेल्या एका नव्या सुनेने आवाहनाच्या संध्याकाळी दोन ओळी टाकल्या:

सोळा भाज्या चिरून झाल्या
महालक्ष्म्या अंगणी आल्या

मात्रा जुळलेल्या, चाल उत्तम. पण पाच मिनिटांत जालन्याच्या आत्याचं उत्तर आलं: "आज भाजी-भाकरीचा नैवेद्य गं. सोळा भाज्या उद्या." आवाहनाच्या दिवशी साधा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी पूजनाला पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, आंबील, ही त्या घरची रीत. यमक कितीही छान असलं तरी रीत चुकली की घरातली म्हातारी माणसं तेवढंच बघतात, आणि त्यांचं बरोबर असतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, पण सुनेने तो दुरुस्त न करता तसाच राहू दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नवीन टाकल्या:

सोळा भाज्या, पुरणपोळी
घरभर जावांचीच टोळी

या ओळी पहिल्यापेक्षा चांगल्या आहेत. क्रियापदाचं स्वस्त यमक गेलं आणि 'पोळी'ला 'टोळी' मिळाली. 'टोळी'त जरा चावा आहे, आणि चावणारी स्वतः त्याच टोळीत असल्यामुळे तो खपला. हाच शब्द एखाद्या दिराने लिहिला असता तर संध्याकाळ वेगळी गेली असती. कोणी कोणाला चिमटा काढायचा हे नात्यावर ठरतं. सून सासऱ्यांवर ओळी करत नाही. सासऱ्यांनी सुनेवर केल्या तर त्या कौतुकाच्याच हव्यात. भाचे मामाला काहीही म्हणू शकतात.

नावांचंही असंच. दोन ओळींत सगळी नावं मावत नाहीत, आणि चार नावं घेऊन पाचवं राहिलं की ते राहिलेलंच लक्षात राहतं. एका ग्रुपवर मी सगळ्या नातवंडांची नावं गुंफलेली आठ ओळींची रचना वाचली. तिच्याखाली पहिलं उत्तर होतं, "आमची चिमणी कुठे गेली?" एक नाव घ्यावं किंवा कोणाचंच घेऊ नये.

आणि एक जागा अशी, की तिथे ओळीच करायच्या नाहीत. ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलेलं असतं तिथे सण होत नाही, किंवा झालाच तर आवाज न करता होतो. ग्रुप मोठा असेल तर त्यात असं एखादं घर असतंच. तयार शुभेच्छा पाठवणाऱ्याला हे आठवत नाही, कारण त्याने कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणलेलाच नसतो. एन-सातच्या काकू ज्या वर्षी सासूबाई गेल्या त्या वर्षी काहीच लिहू शकल्या नाहीत असं नाही. त्यांनी लिहिलं, पण साध्या गद्यात एकच वाक्य: यंदा मूर्ती लहान आणली आहे, आरती सातला आहे, या.

शेवटच्या दिवसाच्या ओळी

अनंत चतुर्दशीला, ६ सप्टेंबरला, राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून शहराची मिरवणूक निघाली तेव्हा ग्रुपांवर पुन्हा लाटा उसळत होत्या, अर्थात चित्रांतल्या. ढोलाच्या आवाजात कोणी काही वाचायच्या मनःस्थितीत नव्हतं. रात्री उशिरा एका ग्रुपवर कॉलेजातल्या मुलाने लिहिलं:

विहिरीकाठी निरोप झाला
रिकामा पाट घरात आला

झाला आणि आला. ज्याला मी वर स्वस्त यमक म्हटलं, तेच. तरी या ओळी मला या सगळ्या फिरतीत सापडलेल्या उत्तम ओळींत वाटतात, कारण यमकाखेरीज त्यांत दुसरं काही आहे. विहीर आहे, म्हणजे गाव आपलं आहे. बाप्पा परत येत नाहीत पण पाट परत आणावा लागतो, हे दर घरात होतं आणि कोणी म्हणत नाही. स्वस्त यमक अशा वेळी माफ असतं. त्या मुलाच्या आईने खाली फक्त लिहिलं होतं, "पाट धुऊन माळ्यावर ठेव."

पुढच्या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर २०२६ ला, सोमवारी आहे. तोवर घरात काय काय घडेल ते किराणाच्या यादीच्या पाठीवर टिपत चला. कोणाचं पहिलं पोर चाललं, कोणाची गाडी चिखलात रुतली, कोण पहिल्यांदा पुरण वाटायला बसलं. हरतालिकेच्या संध्याकाळी त्यातली एकच गोष्ट उचला, शेवटचा शब्द आधी ठरवा, बोटाने मात्रा मोजा, आणि आरती झाल्यावर पाठवा. त्याच्याबरोबर फोटो मात्र जोडू नका.